व्हाइट-लेबल प्रस्ताव: फोन कोणाचा वाजणार, हे आधी लिहा

प्रश्न: आम्ही नागपुरात दोघे भागीदार आहोत. लॉन आणि मंगल कार्यालयांसाठी एक छोटे सॉफ्टवेअर केले आहे. जाहिरातींतून, वेबसाइटवरून आणि फोनवरून आलेल्या चौकश्या एका ठिकाणी येतात, कोणती तारीख मोकळी आहे ते दिसते आणि पाठपुराव्याची आठवण होते. सध्या १४ ग्राहक आहेत, दर महिना १,२०० रुपये. डिझाइन आणि मार्केटिंग एजन्सींमार्फत विकावे म्हणून २३ एजन्सींना प्रस्ताव पाठवला आणि पहिल्या वर्षासाठी ३० टक्के कमिशन देऊ केले. दोघांनी "पाहतो" म्हटले, बाकीच्यांचे उत्तरच नाही. एकाने विचारले, "आमच्या नावाने देता का?" व्हाइट-लेबल द्यावे का, आणि प्रस्ताव नेमका कसा लिहावा?

उत्तर:

उत्तर न येण्याचे कारण तुमच्या प्रस्तावाच्या भाषेपेक्षा त्यातल्या हिशोबात अधिक आहे, म्हणून आधी तो हिशोब एजन्सीच्या खुर्चीत बसून मांडू. धरमपेठेतली पाच-सहा माणसांची एखादी एजन्सी घ्या. तिच्याकडे लॉन, कार्यालये आणि केटरर मिळून वीसेक ग्राहक आहेत आणि त्यांतल्या आठ जणांना तिने तुमचे सॉफ्टवेअर घ्यायला लावले असे समजू. १,२०० रुपयांवर ३० टक्के म्हणजे एका ग्राहकामागे महिना ३६० रुपये आणि आठ जणांचे मिळून २,८८० रुपये. एवढ्या रकमेसाठी तिने आठ मालकांना ते समजावून सांगायचे, प्रत्येकाच्या मॅनेजरला शिकवायचे, आणि काही अडले की "तुम्हीच सांगितले होते घ्यायला" हे ऐकून घ्यायचे. वर्ष संपले की पैसे बंद होतात, पण ते ऐकून घेणे बंद होत नाही. एजन्सीच्या मालकाने हा हिशोब कागदावर केला नसेल, मनात मात्र नक्की केला असेल.

मी स्वतः सुरुवातीची तीन वर्षे हीच चूक केली. टक्केवारी २० वरून ३० वर आणि ३० वरून ४० वर नेली, तरी काही हलले नाही. शेवटी रामदासपेठेतल्या एका एजन्सीच्या मालकिणीने चहा घेता घेता सरळ सांगितले, "भाऊ, तुमचे सॉफ्टवेअर चांगले आहे हो, पण रविवारी रात्री क्लायंटचा फोन आला तर तो मला येईल का तुम्हाला? हे तुमच्या कागदात कुठेच नाही." कमिशनबद्दल तिने एक शब्दही विचारला नाही. त्यानंतर मी प्रस्तावाचा मजकूर त्या फोनपासून लिहू लागलो. व्हाइट-लेबल द्यायचे की नाही, दर किती ठेवायचा आणि करारात काय लिहायचे, या तिन्ही गोष्टींचा उलगडा तिथूनच होतो.

कमिशनऐवजी घाऊक दराचा विचार करा. समजा तुम्ही दहा खात्यांचा संच महिना ४,००० रुपयांना दिला आणि अकराव्या खात्यापासून प्रत्येकी ३५० रुपये ठेवले. एजन्सी आपल्या ग्राहकाला आपल्या बिलात काय लावते, हा तिचा प्रश्न. जाहिरातींचा मासिक अहवाल जोडून ती १,५०० रुपये लावते असे धरले, तर आठ ग्राहकांचे १२,००० येतात, त्यातून तुमचे ४,००० जातात आणि तिच्याकडे ८,००० उरतात. खाते उभे करून देण्याचे एकदाचे पैसे ती घेईल ते वेगळे. तिसऱ्या ग्राहकालाच तिचे ४,००० वसूल झालेले असतात. प्रस्तावात मी हेच वाक्य ठळक लिहीन, कारण एजन्सीच्या मालकाला "किती मिळतील" यापेक्षा "कितव्या ग्राहकापासून खिशातून जाणे थांबते" हे आधी हवे असते.

यात जीएसटीची एक बारीक गोष्ट आहे, ती विसरू नका. तुम्ही नोंदणीकृत असाल तर बिल ४,००० अधिक १८ टक्के, म्हणजे ४,७२० रुपयांचे होईल. एजन्सी नोंदणीकृत असेल तर वरचे ७२० रुपये तिला इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणून वळते करून घेता येतात. पण सेवा व्यवसायाला आपल्याकडे २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नसल्यामुळे नागपुरातल्या कितीतरी दोन-तीन माणसांच्या एजन्सी नोंदणीबाहेर असतात. त्यांच्यासाठी ४,७२० हाच खरा खर्च असतो आणि वसुली तिसऱ्याऐवजी चौथ्या ग्राहकाला होते. प्रस्ताव पाठवण्याआधी समोरची एजन्सी जीएसटीचे बिल देते का, हे विचारून घ्या आणि त्याप्रमाणे आकडा लिहा. चुकीच्या एजन्सीला "तिसरा ग्राहक" लिहून पाठवले, तर पहिल्या बिलालाच भांडण सुरू होते.

आता आपली बाजू. घाऊक दराने तुम्ही बुडाल का? आकडे तुमचे वेगळे असतील, रीत मात्र हीच. सर्व्हर, ईमेल आणि बॅकअप मिळून एका खात्यामागे महिना ८० रुपये येतात असे धरा. तुमच्या एका तासाची किंमत ४०० रुपये धरा. आज थेट ग्राहकाला शिकवणे, फोन घेणे, बिल पाठवणे आणि पैशांसाठी मागे लागणे यात महिन्याचा सव्वा तास जात असेल, तर ते ५०० रुपये झाले. म्हणजे कमिशन पद्धतीत हाती आलेल्या ८४० मधून ५८० वजा होऊन २६० उरतात. घाऊक पद्धतीत संच पूर्ण भरल्यावर खात्यामागे ४०० मिळतात. ग्राहकाचे रोजचे फोन एजन्सी घेत असेल आणि तुमच्यापर्यंत फक्त खरा बिघाड येत असेल, तर तुमची पंधरा मिनिटे म्हणजे १०० रुपये जातात. ८० आणि १०० वजा केले की २२० उरतात. कमिशन पद्धतीपेक्षा खात्यामागे ४० रुपये कमी, पण ग्राहकाच्या पैशांसाठी तुम्ही मागे लागत नाही आणि त्याची उधारीही तुमची नाही.

मात्र हा सगळा डोलारा एका गृहीतकावर उभा आहे: रोजचे फोन एजन्सी घेईल. तिने ते घेतले नाहीत आणि ग्राहकाला तुमचा नंबर देऊन मोकळी झाली, तर तोच सव्वा तास तुमच्या अंगावर येतो आणि ४०० रुपयांच्या खात्यावर तुम्ही महिना १८० रुपये पदरचे घालता. जितकी खाती वाढतील तितका तोटा वाढेल. घाऊक दरात फसलेले जे छोटे सॉफ्टवेअरवाले मी पाहिले, ते जवळजवळ सगळे इथेच फसले. खाती वाढताना दिसत असतात, म्हणून आपण फसतो आहोत हेही उशिरा कळते.

म्हणून प्रस्तावात दोन प्रकारचे प्रश्न वेगळे करून लिहा. "तारीख कशी बदलायची", "पासवर्ड विसरलो", "नवा मॅनेजर आला, त्याला दाखवा" हे "कसे करायचे"चे प्रश्न एजन्सीचे. "चौकशी आलीच नाही", "पान उघडत नाही", "एकाच तारखेला दोन बुकिंग दिसतात" हे बिघाडाचे प्रश्न तुमचे. पहिल्या प्रकारासाठी एजन्सीच्या दोन माणसांना तुम्ही दीड तासाचे प्रशिक्षण द्याल आणि दहा छोटे मराठी व्हिडिओ द्याल, ज्यांवर तुमचे नाव नसेल. दुसऱ्या प्रकारासाठी सोमवार ते शनिवार सकाळी १० ते संध्याकाळी ७ या वेळेत दोन तासांत प्रतिसाद, आणि संपूर्ण सेवा बंद पडली असेल तरच कोणत्याही वेळी उचलला जाणारा एक फोन नंबर. महिन्याला एका एजन्सीकडून "कसे करायचे"चे प्रश्न दोन तासांपेक्षा जास्त तुमच्याकडे आले, तर वरच्या वेळेचे ताशी ६०० रुपये. हे पैसे घेण्याची वेळ मला फारशी आली नाही, पण ती ओळ नसती तर बोलणेच अवघड झाले असते.

दोन माणसांनी चोवीस तास सेवेचे वचन देऊ नये. सेवा किती वेळ चालू राहील याची टक्केवारी एजन्सी मागतात तेव्हा अनेक जण बेधडक ९९.९ लिहून देतात. तीस दिवसांच्या महिन्यात ९९.९ टक्के म्हणजे फक्त ४३ मिनिटे बंद राहण्याची मुभा. तुमच्यापैकी एक जण लग्नाला चंद्रपूरला गेला आणि दुसऱ्याला ताप आला, तर ती मुभा एका दुपारीच संपते. ९९.५ टक्के लिहा. त्यात महिन्याला ३ तास ३६ मिनिटे मिळतात, आणि लॉनच्या चौकशी नोंदवहीला तेवढे पुरते, फक्त बंद काळात वेबसाइटच्या फॉर्ममधून आलेली चौकशी हरवणार नाही, रांगेत थांबून नंतर नोंदवली जाईल, एवढी तजवीज मात्र खरोखर करून ठेवा.

आता नावाचा प्रश्न. व्हाइट-लेबल म्हणजे लोगो बदलणे, असे बहुतेकांना वाटते आणि तिथेच घात होतो. माझा प्रसंग सांगतो. एका एजन्सीला आम्ही सगळे तिच्या रंगात आणि तिच्या नावाने करून दिले होते. तिच्या एका ग्राहकाचा मॅनेजर पासवर्ड विसरला आणि नवा पासवर्ड ठेवण्यासाठीचे ईमेल आमच्या कंपनीच्या पत्त्यावरून गेले. मालकाने ते नाव शोधले, आमच्या वेबसाइटवर १,००० रुपये दर पाहिला आणि एजन्सीला फोन करून विचारले, "मग तुम्ही माझ्याकडून १,८०० कशाचे घेता?" त्या एजन्सीने महिनाभरात करार मोडला आणि गावातल्या दोन एजन्सींना कारणही सांगितले. चूक आमची होती.

म्हणून आधी आपले नाव कुठे कुठे डोकावते ते शोधा. एक रिकामे खाते उघडा आणि ग्राहक म्हणून त्यात आठवडाभर राहा: ब्राउझरच्या टॅबवरचे नाव आणि छोटे चिन्ह, पासवर्डचे ईमेल, आठवणीचा संदेश, डाउनलोड केलेल्या पीडीएफची तळओळ, "मदत" बटण कुठे नेते, चूक झाली की दिसणारे पान, आणि वॉट्सअॅपवर संदेश पाठवणाऱ्याचे दिसणारे नाव. पत्ताही तिचाच हवा. त्यासाठी एजन्सी आपल्या डोमेनच्या नोंदींत एक ओळ घालते, साधारण अशी:

```
nond.agency.example.   CNAME   app.company.example.
```

ही ओळ घातल्यावर त्या पत्त्याचे सुरक्षा प्रमाणपत्र तुमच्या सर्व्हरने आपोआप मिळवले पाहिजे आणि वेळोवेळी आपोआप नवे केले पाहिजे, नाहीतर तीन महिन्यांनी एका सकाळी सगळ्यांना "हे पान सुरक्षित नाही" असे दिसेल. ईमेल एजन्सीच्या पत्त्यावरून पाठवायचे असतील, तर तिच्या डोमेनवर एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदीही कराव्या लागतात. त्या न करता नुसते पाठवणाऱ्याचे नाव बदलले, तर ईमेल स्पॅममध्ये जातात, आणि पासवर्डचे ईमेल स्पॅममध्ये गेले की फोन कोणाचा वाजतो हे वेगळे सांगायला नको. एजन्सीच्या नावाचे मोबाइल अॅप मात्र कबूल करू नका. एकाच साच्यातून काढलेली अॅप, ज्याचा मजकूर आहे त्याने स्वतः सादर केल्याशिवाय अॅपल स्वीकारत नाही. म्हणजे प्रत्येक एजन्सीला स्वतःचे डेव्हलपर खाते काढून ते नीट चालवावे लागेल, आणि त्याचेही फोन तुम्हालाच येतील. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये नीट चालणारे पान सध्या पुरे.

माझ्या प्रसंगातली दुसरी चूक दराची होती. तुमच्या वेबसाइटवरचा थेट दर एजन्सीच्या दरापेक्षा कमी असेल, तर पुनर्विक्रीची भागीदारी टिकत नाही. एजन्सीने काय आकारावे हे तुम्ही ठरवू नका, पण आपला थेट दर १,२०० वरून किमान १,५०० वर न्या, आणि सध्याच्या १४ ग्राहकांना जुनाच दर ठेवा.

यावरून "व्हाइट-लेबल द्यावे का" याचे माझे उत्तर असे की लगेच नको. पहिल्या दोन एजन्सींना वर त्यांचा लोगो आणि तळाशी बारीक अक्षरांत तुमचे नाव, अशा स्वरूपात द्या. यात नाव डोकावले तरी विश्वासघात होत नाही, आणि दोन-तीन महिन्यांत फोन कोणाचे आणि किती येतात हे कळते. पूर्ण व्हाइट-लेबल त्यानंतर, एकदाचे १५,००० रुपये आणि किमान दहा खाती या अटीवर. हे १५,००० रुपये तुमच्या कामाचे आहेतच, पण ती अट घातल्याने नुसत्या हौसेखातर विचारणारे आपोआप गळतात.

करारात एजन्सी ज्या ओळीकडे सगळ्यात आधी पाहील, ती म्हणजे ग्राहक कोणाचा. सरळ लिहा की एजन्सीने आणलेल्या ग्राहकाशी करार चालू असताना आणि संपल्यावर बारा महिने तुम्ही आपणहून संपर्क करणार नाही. त्याने आपणहून फोन केला तर तुम्ही एजन्सीला कळवाल. उलट बाजूने एजन्सी तुमच्यासारखे दुसरे सॉफ्टवेअर कधीच विकणार नाही, असली अट घालू नका. करार संपल्यानंतर कोणाला धंदा करण्यापासून रोखणारी अट भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही, आणि अशी अट दिसली की चांगली एजन्सी कागद बाजूला ठेवते. वरची बारा महिन्यांची ओळसुद्धा वकिलाकडून तपासून घ्या. ती तुमच्याच हातांवर बंधन घालते, म्हणून एजन्सीला तिचा भरवसा वाटतो.

"नागपूरसाठी फक्त आम्हालाच द्या" अशी मागणी येईलच. थेट नाही म्हणू नका, पण त्याला आकडा लावा: फक्त लॉन आणि मंगल कार्यालये या एका क्षेत्रापुरते, सहा महिन्यांसाठी, आणि तिसऱ्या महिन्याअखेर किमान १५ चालू खाती असतील तरच. आकडा ऐकल्यावर ही मागणी बहुधा आपोआप मागे पडते.

पैसे थकले तर काय, हा करारातला सगळ्यात अवघड भाग आहे, कारण एजन्सीने पैसे दिले नाहीत म्हणून तुम्ही खाते बंद केले तर शिक्षा होते ती लॉनमालकाला, ज्याने एजन्सीला वेळेवर पैसे दिलेले असतात. ऐन मोसमात त्याची चौकशी नोंदवही बंद पडली की तो दोघांच्याही नावाने ओरडेल, आणि त्याचे बरोबरच असेल. म्हणून पायऱ्या ठेवा. बिल आगाऊ तिमाहीचे असावे. देय तारखेनंतर पंधरा दिवसांनी नवी खाती उघडणे थांबते. तीस दिवसांनी एजन्सीच्या प्रशासक खात्यातून फक्त पाहता येते, बदलता येत नाही. साठ दिवसांनी प्रत्येक लॉनमालकाला त्याची सगळी नोंद सीएसव्ही फाइलमध्ये उतरवून घेण्याची सोय त्याच्या पानावर दिसते, आणि त्यानंतरच खाते थांबते. तुमची उद्यम नोंदणी नसेल तर आजच करून घ्या. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देण्याचे बंधन २००६ च्या एमएसएमईडी कायद्यात आहे, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ होणारे व्याज लागते. कोर्टात जाण्यासाठी हे सांगत नाही. बिलावर उद्यम क्रमांक असला की एजन्सीचा सीए स्वतःच तुमचे बिल वरच्या ढिगाऱ्यात ठेवतो.

तुम्ही बंद पडलात तर काय, हेही त्याच पानावर लिहा. दोन माणसांच्या कंपनीकडून सॉफ्टवेअर घेणाऱ्याच्या मनात हा प्रश्न असतोच, तो विचारत नाही इतकेच. नव्वद दिवसांची पूर्वसूचना, सगळ्या नोंदी उतरवून देणे, आणि तेवढ्या काळात खाती चालू ठेवण्याची हमी, एवढे पुरेसे आहे. चौकशी करणाऱ्या माणसांची नावे आणि मोबाइल नंबर तुमच्याकडे साठतात, तेव्हा २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या भाषेत जबाबदारी लॉनमालकाची आणि तुम्ही त्याच्या वतीने विदा हाताळणारे, हेही एका परिच्छेदात नोंदवा, आणि ते नंबर कोणत्याही एजन्सीला दुसऱ्या ग्राहकाच्या जाहिरातीसाठी मिळणार नाहीत हे स्पष्ट लिहा. एखादी एजन्सी नेमके तेच मागेल. तिला नकार द्या.

लॉनच्या धंद्याची एक गोष्ट तुमच्या दरपत्रकात आलीच पाहिजे. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंतच्या चातुर्मासात लग्ने फारशी नसतात, लॉनमालक जाहिराती थांबवतो आणि एजन्सीचे मासिक पैसेही थांबतात. त्या काळात तुम्ही मात्र ४,००० घेत राहिलात, तर श्रावणातच एजन्सी संच सोडून देईल. त्यासाठी "निद्रिस्त खाते" ठेवा: महिना १०० रुपये, नोंदी जपलेल्या, नवी चौकशी आली तर नोंदवली जाते, पण पाठपुराव्याचे संदेश बंद. पुढच्या हंगामाच्या चौकश्या याच काळात अधूनमधून येत असतात, त्यामुळे खाते पुन्हा जागे करताना मालकाला त्या दिसतात आणि तो परत येतो. वॉट्सअॅप संदेशांचा खर्च संचाच्या दरात कधीच धरू नका. मेटा व्यावसायिक संदेशांचे पैसे संदेशागणिक घेते, आणि हंगामात एखादा उत्साही मॅनेजर एका दिवसात दोन हजार लोकांना शुभेच्छा पाठवू शकतो. तो खर्च जसा येईल तसा एजन्सीच्या बिलात वेगळ्या ओळीत दाखवा.

यावरूनच प्रस्ताव कधी पाठवायचा तेही ठरते. तुळशीच्या लग्नानंतर मोसम सुरू होतो आणि एजन्सी जाहिरातींची आखणी दिवाळीआधी करतात, म्हणून गणपती उठल्यावर लगेच भेटायला जा. २३ जणांना एकच ईमेल पाठवण्यापेक्षा चार एजन्सी निवडा, ज्यांच्या ग्राहकांत कोराडी रोड, काटोल रोड, उमरेड रोड अशा भागांतली किमान पाच लॉन आहेत. त्या लॉनच्या वेबसाइट नीट पाहा. फॉर्म आहे का, मोबाइलवर उघडतो का, मोकळ्या तारखा दिसतात का, हे पाहायला पुरे. खोटी चौकशी भरून पाहू नका. एजन्सी चौकश्यांची संख्या मालकाला दाखवत असते, आणि तिचा आकडा बिघडवून तिच्याशीच भागीदारी मागणे बरे दिसत नाही.

पत्र एका पानाचे असावे. माझे साधारण असे असते:

"सप्रेम नमस्कार. आपण कोराडी रोडवरील तीन लॉनच्या जाहिराती पाहता, असे त्यांच्या वेबसाइटवरून दिसते. या तिन्ही ठिकाणी चौकशीचा फॉर्म आहे, परंतु तारीख मोकळी आहे की नाही हे ग्राहकाला फोन केल्याशिवाय कळत नाही. आलेल्या चौकशीचे पुढे काय झाले, हे आपल्याला मालकाकडून विचारून घ्यावे लागत असेल, असा माझा अंदाज आहे. आमच्या नोंदवहीत प्रत्येक चौकशी कोणत्या जाहिरातीतून आली आणि ती बुकिंगपर्यंत पोहोचली की नाही, हे आपल्याला थेट दिसेल. दहा खात्यांचा संच दरमहा ४,००० रुपये अधिक जीएसटी असा आहे. आपण ग्राहकाला १,५०० रुपये आकारल्यास तिसऱ्या ग्राहकाला ही रक्कम वसूल होते. वापराविषयीचे प्रश्न आपल्याकडे येतील, त्यासाठी आपल्या दोन सहकाऱ्यांना आम्ही प्रशिक्षण देऊ. बिघाडाचे प्रश्न आमच्याकडे येतील आणि त्यासाठीची वेळ सोबत लिहून दिली आहे. आपला ग्राहक आपलाच राहील, हे करारात नमूद आहे. पहिले साठ दिवस दोन खाती विनामूल्य देत आहोत. पुढील आठवड्यात अर्धा तास भेटता येईल का?"

"बुकिंगपर्यंत पोहोचली की नाही" हे वाक्य या पत्राचा कणा आहे. मालक दर महिन्याला एजन्सीला विचारतो की जाहिरातीवर घातलेल्या पैशांचे काय झाले, आणि तिच्याकडे क्लिकच्या आकड्यांपलीकडे उत्तर नसते. ते उत्तर तुमच्या नोंदवहीतून मिळाले, तर तिचे मुख्य काम टिकते, आणि ८,००० रुपयांपेक्षा तिला ते अधिक मोलाचे वाटते. म्हणून भेटीत वैशिष्ट्यांची यादी दाखवू नका. एका चालू लॉनचा महिन्याचा अहवाल, नाव झाकून आणि त्या मालकाची परवानगी घेऊन, समोर ठेवा: अमुक चौकश्या आल्या, इतक्या फोनवर मिळाल्याच नाहीत, इतक्यांना हवी असलेली तारीख भरलेली होती, इतकी बुकिंग झाली. यात कधी कधी एजन्सीला अडचणीचेही दिसते, कारण दोष जाहिरातीचा नसून मालकाच्या मॅनेजरने फोन उचलला नाही हे जसे निघते, तसे उलटही निघते. जी एजन्सी तो अहवाल पाहून अस्वस्थ होते, तिच्यामागे लागू नका.

सही झाल्यानंतरचे पहिले तीस दिवस मी बारकाईने पाहतो. विनामूल्य दोन खात्यांपैकी एक तरी खऱ्या ग्राहकाचे झाले का, आणि एजन्सीच्या प्रशिक्षित दोघांपैकी कोणी आठवड्यातून एकदा तरी आत येते का, हे दोनच आकडे पुरतात. तीस दिवसांत पहिला ग्राहक आला नाही, तर साठाव्या दिवशीही येत नाही, असा माझा अनुभव आहे. अशा वेळी तुमच्यापैकी एकाने एजन्सीच्या माणसासोबत एका लॉनवर जाऊन पहिले खाते समोर उभे करून द्यावे, मॅनेजरच्या मोबाइलवर, त्याच्या डायरीतल्या पुढच्या चार महिन्यांच्या तारखा भरून. त्यानंतरही दुसरे खाते आले नाही, तर ती एजन्सी सोडून यादीतल्या पाचव्या नावाकडे वळा.